नफा जुळला, तरी उत्तर चुकलं

कॉस्ट अकाउंटिंगच्या गृहपाठात एक चूक अशी आहे, की ती केल्यावरही ताळा बरोबर येतो. स्थिर खर्च बदलत्या खर्चात टाकला, किंवा बदलता स्थिरात टाकला, तरी त्या महिन्याचा नफा एका रुपयानेही हलत नाही. विद्यार्थी शेवटी नफा पडताळतो, तो जुळतो, आणि वही मिटते. त्याच वहीतला ब्रेक-इव्हन पॉइंट मात्र हजार-बाराशे नगांनी चुकलेला असू शकतो.

एक उदाहरण घेऊ. चकलीचा एक लघुउद्योग आहे. पाव किलोचं पाकीट दुकानदाराला ८० रुपयांना जातं आणि महिन्याला ५,००० पाकिटं बनतात आणि तेवढीच विकली जातात. म्हणजे विक्री ४ लाख. प्रश्नात खर्च असे दिलेत: भाजणी, तेल, तिखटमीठ १,७५,००० रुपये, पाकिटं आणि लेबलं २०,०००, पाकिटामागे ९ रुपये या दराने बायकांची मजुरी ४५,०००, विक्रेत्याचं ५ टक्के कमिशन २०,०००, गाळ्याचं भाडं २५,०००, सुपरवायझरचा पगार ३०,०००, वीज आणि गॅस २०,०००, आणि यंत्रांचा घसारा ‘पाकिटामागे २ रुपये’ म्हणजे १०,०००, पद्धत सरळ रेषेची. बेरीज ३,४५,०००. नफा ५५,०००.

आता या खर्चांची विभागणी करायची. पाकिटं वाढली की जो खर्च त्याच प्रमाणात वाढतो, तो बदलता. पाकिटं वाढोत किंवा घटोत, महिन्याला तेवढाच येतो, तो स्थिर. विक्रीच्या किमतीतून बदलता खर्च वजा केला की उरतं ते काँट्रिब्युशन. हे आधी स्थिर खर्च भागवतं, आणि तो भागला की पुढचं सगळं नफ्यात जातं. स्थिर खर्चाला पाकिटामागच्या काँट्रिब्युशनने भागलं, की नफाही नाही आणि तोटाही नाही अशी विक्री मिळते. तोच ब्रेक-इव्हन पॉइंट. आजची विक्री त्याच्या जितकी वर, तितकं मार्जिन ऑफ सेफ्टी, म्हणजे विक्री किती घसरली तरी तोटा होणार नाही त्याचं माप.

वहीत हमखास दिसतं ते असं. सुपरवायझरचा पगार ‘मजुरी’ या सदरात जातो, आणि मजुरी म्हणजे बदलता खर्च असं पाठ असतं, त्यामुळे पाकिटामागे ६ रुपये तिथे चढतात. घसारा प्रश्नातच पाकिटामागे दिलाय, म्हणून तोही बदलता, २ रुपये. वीज-गॅसचं सगळं बिल उत्पादनाचं, म्हणून तेही बदलता, ४ रुपये. मालाचे ३५, पाकिटाचे ४, मजुरीचे ९ आणि कमिशनचे ४ धरून बदलता खर्च होतो ६४ रुपये. काँट्रिब्युशन उरतं १६. स्थिर खर्चात एकटं भाडं, २५,०००. भागाकार १,५६२.५, म्हणून ब्रेक-इव्हन १,५६३ पाकिटं. मार्जिन ऑफ सेफ्टी विक्रीच्या साधारण ६९ टक्के. ताळा: १६ गुणिले ५,०००, म्हणजे ८०,०००, त्यातून भाडं गेलं की ५५,०००. जुळला.

हा ताळा जुळणारच होता. ५,००० पाकिटांवर एकूण खर्च ३,४५,००० आहे, आणि तो डाव्या रकान्यात लिहा किंवा उजव्या, बेरीज तीच राहते. त्यामुळे ‘नफा बरोबर आला’ ही पडताळणी बेरीज-वजाबाकीची चूक पकडते, वर्गीकरणाची नाही. मार्जिन ऑफ सेफ्टीला काँट्रिब्युशनने गुणून नफा काढायचा ताळाही असाच फसवा आहे. चुकलेल्या आकड्यांनीही तो बरोबर येतो. मला वाटतं, शिकवताना हीच गोष्ट सर्वांत कमी सांगितली जाते.

मग चूक पकडायची कशी? पहिला उपाय सोपा आहे, फक्त त्याला दहा मिनिटं लागतात. जे ब्रेक-इव्हन आलंय, त्या पातळीवर महिन्याचा खर्च ओळीने नव्याने मांडायचा, आणि प्रत्येक ओळीपाशी विचारायचं, की इतकीच पाकिटं झाली तर हे बिल खरोखर किती येईल? सुपरवायझरच्या ओळीवर या वहीचं उत्तर फुटतं. पाकिटामागे ६ रुपये धरले, तर १,५६३ पाकिटांच्या महिन्यात त्या माणसाचा पगार ९,३७८ रुपये होतो. महिन्याच्या पगारावर ठेवलेल्या माणसाला कोणी विक्री घटली म्हणून ३०,००० ऐवजी ९,३७८ देत नाही. पुढची ओळ घसाऱ्याची. यंत्र तेच, सरळ रेषेची पद्धत तीच, मग १०,००० चे ३,१२६ कसे झाले? ‘पाकिटामागे २ रुपये’ हा आकडा १०,००० ला ५,००० ने भागून आलेला आहे. तो त्याच उत्पादनापुरता खरा आहे. प्रश्न काढणारे हा सापळा मुद्दाम लावतात, आणि नगामागे दिलेला स्थिर खर्च आधी एकूण रकमेत बदलून घ्यायचा, ही सवय लागली की त्यात कोणी सापडत नाही.

विजेच्या ओळीवर थोडं थांबावं लागतं, कारण तिथे खर्च पूर्ण स्थिर नाही आणि पूर्ण बदलताही नाही. मीटरचा स्थिर आकार, दिवे-पंखे हे ठरलेलं. कढया जितक्या चढतील तितका गॅस आणि वरची वीज वेगळी. हा सेमी-व्हेरिएबल खर्च. तो फोडायला दोन महिन्यांचे आकडे हवेत. समजा, प्रश्नाच्या दुसऱ्या भागात दिलंय, की ३,००० पाकिटांच्या महिन्यात हे बिल १४,००० आलं. २,००० पाकिटांच्या फरकाला ६,००० रुपयांचा फरक, म्हणजे पाकिटामागे ३ रुपये बदलता. ५,००० पाकिटांचे १५,००० झाले, उरलेले ५,००० स्थिर.

आता बरोबर मांडणी करू. बदलता खर्च ३५, ४, ९, ४ आणि ३, म्हणजे ५५ रुपये. काँट्रिब्युशन २५. स्थिर खर्चात भाडं, पगार, घसारा आणि विजेचा ठरलेला भाग, मिळून ७०,०००. ब्रेक-इव्हन २,८०० पाकिटं. मार्जिन ऑफ सेफ्टी २,२०० पाकिटं, म्हणजे विक्रीच्या ४४ टक्के. वहीतल्या उत्तरावर विसंबून मालकाने १,५६३ पाकिटांचा महिना ‘निदान तोटा तरी नाही’ म्हणून स्वीकारला, तर प्रत्यक्षात काँट्रिब्युशन मिळेल ३९,०७५ आणि स्थिर खर्च असेल ७०,०००. तोटा ३०,९२५ रुपये.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो, कारण त्यात वर्गीकरण करावंच लागत नाही. दोन महिन्यांची विक्री आणि नफा माहीत असेल, तर नफ्यातल्या फरकाला विक्रीतल्या फरकाने भागायचं. विद्यार्थी ज्याला पी/व्ही रेशो म्हणतात, तो थेट मिळतो. ३,००० पाकिटांच्या महिन्यात विक्री २,४०,००० आणि नफा ५,००० होता, असं प्रश्नात दिलेलं असेल. विक्री १,६०,००० ने घटली आणि नफा ५०,००० ने, म्हणजे रेशो ३१.२५ टक्के. बरोबर मांडणीत ८० पैकी २५ हेही तेवढंच. वहीत ८० पैकी १६, म्हणजे २० टक्के. इथे लगेच कळतं, की गडबड भागाकारात नसून खर्चाच्या यादीत आहे. ही पद्धत तेव्हाच धरावी, जेव्हा दोन्ही महिन्यांत किंमत, दर आणि भाडं तेच आहे. मधे तेल महागलं असेल, तर नफ्यातला फरक विक्रीमुळे पडला की तेलामुळे, ते वेगळं करता येत नाही.

चूक उलट दिशेनेही होते. कमिशन ‘विक्री खर्च’ आहे आणि विक्री खर्च ऑफिसच्या खर्चासारखा ठरलेला, असं समजून काही जण ते स्थिरात टाकतात. तसं केलं तर स्थिर खर्च ९०,०००, काँट्रिब्युशन २९, आणि ब्रेक-इव्हन ३,१०४ पाकिटं. मार्जिन ऑफ सेफ्टी ३८ टक्क्यांवर येतं. नफा अर्थातच ५५,०००. यातून एक नियम हाती लागतो. धंदा नफ्यात असताना स्थिर खर्च बदलत्यात गेला, तर ब्रेक-इव्हन खऱ्यापेक्षा खाली दिसतो आणि धंदा आहे त्याहून सुरक्षित वाटतो; बदलता खर्च स्थिरात गेला, तर उलट. कारणही सरळ आहे. मार्जिन ऑफ सेफ्टीची टक्केवारी म्हणजे नफा भागिले एकूण काँट्रिब्युशन. नफा हलत नाही, चुकीने फक्त काँट्रिब्युशन लहान-मोठं होतं. पहिली चूक जास्त घातक आहे, म्हणून तपासताना बदलत्या खर्चाचा रकाना आधी वाचावा.

खर्चाचं नाव बघून वर्गीकरण करणं, हे या सगळ्या चुकांचं मूळ आहे. पैसे कसे द्यायचे ठरलेत, त्यावर खर्चाचा प्रकार ठरतो. त्याच बायका पाकिटामागे पैसे घेत असतील, तर मजुरी बदलती. त्यांना महिन्याच्या पगारावर घेतलं, तर थोड्या काळापुरती ती स्थिर. घसारा उत्पादनाच्या नगांवर मोजला, तर तोही बदलता होतो. भाडं स्थिर, पण ७,००० पाकिटांसाठी दुसरा गाळा घ्यावा लागला, तर त्या टप्प्यावर ते एकदम वर उडी घेतं, आणि २,८०० हे उत्तर त्यापुढे उपयोगाचं राहत नाही. आणखी एक, महिन्यात बनवलेला माल आणि विकलेला माल सारखा नसेल, तर शिल्लक मालाच्या किमतीत स्थिर खर्चाचा भाग अडकतो. तेव्हा पुस्तकातला नफा आणि या मांडणीतला नफा जुळत नाही, आणि ती विद्यार्थ्याची चूक नसते.

प्रश्न काढणाऱ्या शिक्षकांना एक विनंती. ‘स्थिर खर्च ७०,०००’ असा आयता आकडा दिला, की विद्यार्थी फक्त भागाकार करतो. त्याऐवजी खर्चांची यादी द्या, दोन महिन्यांचे आकडे द्या, आणि प्रत्येक खर्चापुढे तो स्थिर का किंवा बदलता का, हे एका ओळीत लिहायला सांगून त्या ओळीला वेगळे गुण ठेवा.