पंपाने वर्षाला किती वाचवायला हवेत?

एका सोसायटीचा हिशेब मांडून पाहू. वीज वाचवणाऱ्या नव्या पंपाची किंमत 2 लाख रुपये, आयुष्य 10 वर्षे. सभासद सहज म्हणतात, वर्षाला 20 हजार वाचले की पैसे वसूल! पण हेच 2 लाख दुसरीकडे 10 टक्क्यांनी वाढले असते. दहा वर्षांनी वाचलेला रुपया आज जेमतेम 39 पैशांचा.

म्हणून हिशेब उलटा करायचा. दरवर्षीच्या एका रुपयाच्या बचतीची आजची किंमत काढून दहा वर्षांची बेरीज केली, तर 6.1446 रुपये भरतात. 2 लाखांना या आकड्याने भागले की किमान वार्षिक बचत मिळते: 32,549 रुपये. एक्सेलमध्ये तेच उत्तर असे येते:

```
=PMT(10%,10,-200000)
```

दहा रुपये युनिट धरल्यास रोज सुमारे 9 युनिट वाचायला हवेत. जुना पंप रोज 45 युनिट खात असेल, तर तब्बल 20 टक्के कपात.

नव्या पंपाच्या देखभालीला वर्षाला 3 हजार जादा लागत असतील, तर ते उंबरठ्यात मिळवायचे. पंप पाचच वर्षे टिकला, तर उंबरठा 52,760 वर जातो. त्यामुळे विक्रेत्याच्या दाव्यापेक्षा मीटरचे आधीचे आणि नंतरचे रीडिंग महत्त्वाचे. तुलना मात्र तितकेच पाणी चढवलेल्या दिवसांचीच करावी.