दोन-तृतीयांशावरचा बिंदू

एक मीटर लांबीची लाकडी पट्टी घ्या आणि तिच्या टोकाला बारीक भोक पाडून ती खिळ्यावर लटकवा. शेजारी तेवढ्याच लांबीच्या दोऱ्याला एक लहान नट बांधून टांगा. दोन्ही एकाच वेळी थोड्याशा बाजूला ओढून सोडली, तर पहिल्या दोन-तीन झोक्यांतच पट्टी पुढे निघून जाते. दोऱ्याला २० आंदोलने पुरी करायला सुमारे ४०.२ सेकंद लागतात, पट्टी तेवढीच आंदोलने ३२.८ सेकंदांत उरकते. लांबी तीच, पृथ्वीचे ओढणेही तेच, तरी जवळजवळ साडेसात सेकंदांचा फरक.

पट्टीचे बरेचसे लाकूड खिळ्याच्या जवळ आहे, म्हणून ती आखूड लंबकासारखी वागते, एवढे लगेच सुचते. पण किती आखूड? वजन मधोमध एकवटले आहे असे मानून तिला अर्ध्या मीटरचा लंबक म्हणावे, तर २० आंदोलनांना २८.४ सेकंदच लागायला हवेत. प्रत्यक्षात वेळ त्याहून बराच जास्त निघतो. अर्धा मीटर फार कमी आणि एक मीटर फार जास्त. जिच्याशी पट्टीचा वेळ तंतोतंत जुळतो ती दोऱ्याची लांबी ६६.७ सेंटिमीटर, म्हणजे पट्टीच्या दोन-तृतीयांश असते. हिला पट्टीची तुल्य लांबी म्हणतात.

हे दोन-तृतीयांश येते कुठून, ते कागद-पेन्सिलीने पाहता येते. पट्टी मनातल्या मनात दहा-दहा सेंटिमीटरच्या दहा तुकड्यांत कापा. तुकड्यांचे मध्य खिळ्यापासून ५, १५, २५ असे करत ९५ सेंटिमीटरवर येतील. बाजूला गेलेल्या पट्टीला परत आणते ते या तुकड्यांचे वजन. तुकडा खिळ्यापासून जितका लांब, तितकी त्याच्या वजनाची फिरवण्याची ताकद जास्त. दुप्पट अंतरावर दुप्पट. पण लांबचा तुकडा फिरवणे अवघडही असते, आणि तेही दोन कारणांनी. एक तर पट्टी तेवढ्याच कोनातून वळताना त्याला जास्त वाट कापावी लागते, म्हणजे जास्त वेग घ्यावा लागतो. शिवाय वेग घ्यायला तो जो विरोध करतो, तोही लांबच्या अंतरावरून करतो. त्यामुळे अंतर दुप्पट झाले की फिरायला होणारा विरोध चौपट होतो.

दोऱ्याला बांधलेल्या नटाच्या बाबतीत हा हिशेब सोपा आहे. अंतराच्या वर्गाला अंतराने भागले की अंतरच उरते, आणि तीच लंबकाची लांबी. पट्टीसाठी मात्र सगळ्या तुकड्यांचा विरोध एकत्र करायचा आणि त्याला सगळ्यांच्या फिरवण्याच्या ताकदीने भागायचे. ५, १५, २५ ते ९५ या आकड्यांची बेरीज ५०० आणि त्यांच्या वर्गांची बेरीज ३३,२५०. भागाकार ६६.५. दहाऐवजी शंभर तुकडे केले तर उत्तर ६६.६६५ येते, आणि तुकडे बारीक करत नेले की ते ६६.६६६… या आकड्यावर स्थिरावते. आकड्यांचे मर्म असे की वर्ग करताना लांबचे तुकडे जास्त भाव खातात. ९५ सेंटिमीटरवरच्या एकट्या तुकड्याचा विरोध पहिल्या पाच तुकड्यांच्या एकत्रित विरोधापेक्षा जास्त आहे. म्हणून उत्तर पट्टीच्या मध्यावर न थांबता खाली सरकते.

सूत्रात हे असे लिहितात:

T = 2π√(2L/3g)

यात T हा दोलनकाल, म्हणजे एकदा जाऊन परत येण्याचा वेळ. L ही पट्टीची लांबी आणि g हे गुरुत्वीय त्वरण, वरच्या आकड्यांसाठी ९.७९ मीटर प्रति सेकंद वर्ग धरलेले. सूत्रात पट्टीचे वजन कुठेच नाही. पट्टी लाकडाची असो की पोलादाची, जाडी आणि घनता सगळीकडे सारखी असली की पुरे.

सूत्रापेक्षा मला मात्र एक छोटा प्रयोग जास्त बोलका वाटतो. पट्टीला चिकटपट्टीने एक लहान वजन लावायचे आणि जागा बदलत वेळ मोजायचा. समजा पट्टी १०० ग्रॅमची आणि वजन १० ग्रॅमचे. वजन पार खालच्या टोकाला लावले तर २० आंदोलनांचा वेळ ३२.८ वरून ३४.१ सेकंदांवर जातो, पट्टी मंदावते. तेच वजन खिळ्यापासून ३३ सेंटिमीटरवर लावले तर वेळ ३२.३ सेकंदांवर उतरतो, पट्टी जलद होते. आणि ६६.७ सेंटिमीटरवर लावले तर काहीच बदलत नाही. तिथे १० ग्रॅम लावा नाहीतर १०० ग्रॅम, पट्टीला जणू कळतच नाही. कारण त्या जागी टांगलेल्या सुट्या वजनाचा स्वतःचा दोलनकाल पट्टीइतकाच असतो; ते पट्टीला मागे ओढत नाही आणि पुढेही रेटत नाही. त्याच्या वरचे लाकूड एकटे असते तर जास्त भरभर झुलले असते, खालचे जास्त सावकाश. पट्टी अखंड असल्याने दोघांना एकमेकांशी जुळवून घ्यावे लागते, आणि या ओढाताणीतून सुटलेला एकच बिंदू असतो. त्याला आंदोलनकेंद्र म्हणतात.

प्रयोग करताना काही गोष्टींकडे लक्ष द्यावे लागते. भोक अगदी टोकाला पाडता येत नाही. ते बहुधा एक सेंटिमीटर आत येते. मग खिळ्यापासून खालच्या टोकापर्यंतचे अंतर, म्हणजे ९९ सेंटिमीटर, हीच लांबी मानून तिचे दोन-तृतीयांश घेतले तरी चालते. ते ६६ सेंटिमीटर येते, आणि वरच्या तुकड्याचाही काटेकोर हिशेब केला तर ६६.०१. पट्टीची अडीच सेंटिमीटर रुंदी तर तुल्य लांबीत जेमतेम दशांश मिलिमीटरचा फरक करते. झोका मात्र लहान ठेवायला हवा. दोन्ही बाजूंना दहा अंशांपर्यंत गेला तर दोलनकाल सूत्रापेक्षा साधारण ०.२ टक्के वाढतो, तीस अंशांना १.७ टक्के, म्हणजे २० आंदोलनांत अर्ध्या सेकंदाहून जास्त चूक. घड्याळ पट्टी टोकाला थबकते तेव्हा सुरू करण्याऐवजी ती मधल्या जागेवरून सुसाट जाते तेव्हा सुरू करावे, कारण टोकाला ती नेमकी कधी वळली हे डोळ्याला ठरवता येत नाही.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे खिळा. भोक मोठे आणि खिळा बारीक असेल तर पट्टी एका ठिकाणी टेकून राहत नाही, किंचित घरंगळते. खिळा ज्या लाकडात ठोकला आहे ते हलत असेल, तर आधारही पट्टीबरोबर झुलतो आणि वेळ बदलतो. एकदा २० आंदोलने मोजून झाल्यावर झोका लहान झालेला असताना पुन्हा २० मोजावीत. वेळ कोनाच्या हिशेबापेक्षा जास्त बदलला, तर दोष टेकूतच शोधावा. म्हणूनच महाविद्यालयांच्या प्रयोगशाळेत भोकांच्या लोखंडी पट्टीला पोलादी सुरीसारख्या धारेवर टेकवतात.

हा प्रश्न सतराव्या शतकात फार मोठा होता. फ्रान्समधल्या मेर्सेन या पाद्री गणितज्ञाने तो तरुण क्रिस्तियान हायगेन्स याच्यापुढे ठेवला होता. तेव्हा त्याला वाट सापडली नाही. पुढे लंबकाचे घड्याळ बनवताना त्याला उत्तराची गरजच पडली, कारण घड्याळात दोऱ्याला बांधलेला बिंदू नसतो. दांडा असतो, त्यावर तबकडी असते, आणि दोघांनाही वजन असते. १६७३ मध्ये छापलेल्या ‘होरोलोजियम ऑसिलेटोरियम’ या ग्रंथाच्या चौथ्या भागात त्याने कोणत्याही आकाराच्या वस्तूचे आंदोलनकेंद्र काढण्याची रीत दिली. शिवाय एक विलक्षण गोष्ट दाखवली: टेकू आणि आंदोलनकेंद्र यांची अदलाबदल केली तरी दोलनकाल बदलत नाही.

आपल्या पट्टीवर हे पडताळता येते. ६६.७ सेंटिमीटरच्या खुणेवर भोक पाडून पट्टी तिथे लटकवली की ती उलटी होते आणि मधल्या टेकूच्या दोन्ही बाजूंना लाकूड येते. दिसायला ती अगदी वेगळी वस्तू, पण २० आंदोलने पुन्हा ३२.८ सेकंदांतच.

याच गुणाचा उपयोग हेन्री केटर या इंग्रज कॅप्टनने केला. तो तरुणपणी मद्रासकडच्या लँबटनच्या सर्वेक्षणात काम करत होता. १८१७ च्या सुमारास लंडनमध्ये त्याने दोन धारा असलेला लंबक बनवला, जो कोणत्याही धारेवर टांगता येई. दांड्यावरचे वजन सरकवत त्याने दोन्ही बाजूंचे दोलनकाल सारखे केले. मग दांडा कुठे जाड, कुठे पातळ, वजन कसे वाटले गेले आहे, यातले काहीही जाणण्याची गरज उरली नाही. दोन धारांमधले अंतर हीच तुल्य लांबी. अंतर आणि वेळ एवढ्या दोनच मापांवरून g काढता आला. यात अट एकच: दोन्ही धारा गुरुत्वमध्यापासून सारख्या अंतरावर नसाव्यात. आपल्या पट्टीची दोन टोकेही समान वेळ देतात, पण त्यांच्यातले एक मीटर म्हणजे तुल्य लांबी नव्हे.

आता टेकू टोकाकडून मध्याकडे सरकवत गेले तर काय होते? वेळ आधी कमी होत जातो. २१ सेंटिमीटरच्या खुणेवर तो सगळ्यात कमी असतो, २० आंदोलनांना ३०.५ सेकंद. तिथून पुढे वाढू लागतो, ३३.३ वर टोकाइतका होतो आणि मग झपाट्याने चढतो. ४५ वर एका आंदोलनाला २.६ सेकंद लागतात, ४९ वर ५.८. पन्नासाव्या खुणेवर पट्टी झुलतच नाही; जशी ठेवाल तशी राहते.

या सगळ्यात २१ सेंटिमीटरची जागा घड्याळाच्या कामाची ठरली. तळाशी रेषा सपाट असल्यामुळे तिथे टेकू एक मिलिमीटर इकडेतिकडे झाला तरी दोलनकालावर जवळजवळ परिणाम होत नाही. टोकाला तेवढाच मिलिमीटर सरकला तर घड्याळ दिवसाला चाळीसहून अधिक सेकंदांनी चुकेल. धार वर्षानुवर्षे झिजते, हे ओळखून जर्मन अभियंता माक्स शूलर याने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आपल्या अचूक घड्याळाचा लंबक नेमका याच किमान दोलनकालाच्या जागी टेकवला.