चौथा मुद्दा

माझी भाची पुण्यात कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पुरावा कायद्याच्या पेपरला चार दिवस राहिले होते. रात्री साडेदहाला तिचा फोन आला. आवाजात घाबरल्यापेक्षा चिडल्याचा भाग जास्त होता. ‘मावशी, एकाच वहीत दोन गोष्टी लिहिल्यात आणि त्या दोन्ही एकदम खऱ्या असूच शकत नाहीत.’

वही म्हणजे नोट्सच्या झेरॉक्स. वरच्या वर्गातल्या मुलीने दिलेल्या, तिला त्या आणखी कोणाकडून मिळालेल्या. उलटतपासणीच्या पानावर लिहिलं होतं की बलात्काराच्या खटल्यात पीडितेच्या चारित्र्याविषयी प्रश्न विचारता येत नाहीत. पुढे सहा पानांनी साक्षीदाराची विश्वासार्हता कशी खोडून काढायची याचे चार मार्ग दिले होते. पहिला, हा माणूस विश्वास ठेवण्यालायक नाही असं त्याला ओळखणाऱ्यांनी येऊन सांगणं. दुसरा, त्याने लाच घेतली किंवा घ्यायची तयारी दाखवली हे सिद्ध करणं. तिसरा, त्याचं आधीचं म्हणणं आताच्या साक्षीशी विसंगत असल्याचं दाखवणं. आणि चौथा, बलात्काराच्या खटल्यात तक्रारदार स्त्री ‘सर्वसाधारणपणे अनैतिक चारित्र्याची’ आहे हे दाखवणं. समोर कंसात आकडा होता: कलम 158(डी).

जे विचारायलाच बंदी आहे, ते सिद्ध करायला मात्र परवानगी? तिचा प्रश्न अगदी रास्त होता. मी तिला म्हटलं, ‘नोट्स बाजूला ठेव आणि बेअर ॲक्ट उघड.’ बेअर ॲक्ट म्हणजे भाष्य नाही, टिपा नाहीत, फक्त कायद्याचा मूळ मजकूर. तिने भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 चं कलम 158 काढलं. त्यात (ए), (बी), (सी) अशी तीनच पोटकलमं होती. (डी) नव्हतं.

तिला वाटलं, आपल्या प्रतीतलं पान गळालं असेल. पण पान जागेवर होतं. नोट्समधलं कलमच कधी अस्तित्वात आलेलं नव्हतं.

हे कसं घडलं ते आम्ही दोघींनी फोनवरच उलगडलं. भारतीय पुरावा अधिनियम 1872 सालचा. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी त्याचा मसुदा केला आणि 1 सप्टेंबर 1872 ला तो लागू झाला. त्यातल्या कलम 155 मध्ये विश्वासार्हता खोडण्याचे खरोखरच चार मार्ग होते आणि चौथा हाच होता. मात्र 2003 चा अधिनियम क्रमांक 4 या दुरुस्तीने तो वगळला, 31 डिसेंबर 2002 पासून. नोट्सचा पहिला मसुदा त्याआधीच्या एखाद्या गाइडवरून उतरवलेला असावा. पुढे कोणीतरी उलटतपासणीच्या पानावर नवी बंदी नीट लिहिली, पण विश्वासार्हतेच्या पानाला हात लावला नाही. मग 1 जुलै 2024 ला जुना कायदा जाऊन नवा आला आणि बाजारात जुन्या-नव्या कलमांचे तक्ते आले. तक्ता सांगतो, जुनं 155 म्हणजे नवं 158. कोणीतरी तो समोर ठेवून वहीतले सगळे आकडे बदलले. 155 चं 158 झालं, चौथ्या मुद्द्यासमोर (डी) आलं आणि 22 वर्षांपूर्वी मेलेलं कलम नव्या कायद्याचा आकडा घेऊन परत उभं राहिलं.

मला ही चूक साध्या जुन्या नोट्सपेक्षा जास्त धोकादायक वाटते. जुना आकडा दिसला की वाचणारा निदान थबकतो. आकडा नवा असला की शंकाच येत नाही. असे तक्ते कोणतं कलम कुठे गेलं तेवढं सांगतात. त्या कलमातलं काय मध्येच गळून पडलं हे त्यांच्या रकान्यात मावत नाही.

भाचीला मी जुन्या कायद्याची प्रतही काढायला लावली, कारण काढून टाकलेली तरतूद छापील कायद्यात कशी दिसते हे एकदा डोळ्यांनी बघायला हवं. कलम 155 मध्ये तिसऱ्या मुद्द्यानंतर एका ओळीत नुसत्या चांदण्या छापलेल्या असतात. त्यांच्यावर तळटीपेचा बारीक आकडा असतो आणि पानाच्या तळाशी एकच ओळ: अमुक अधिनियमाने वगळले, अमुक तारखेपासून. परीक्षेच्या घाईत ही ओळ कोणी वाचत नाही. पण एखादी तरतूद जिवंत आहे की नाही आणि ती कधी गेली, याचं उत्तर बहुतेक वेळा तिथेच मिळतं. पुस्तक जुनं असेल तर केंद्र सरकारच्या indiacode.nic.in या संकेतस्थळावर केंद्रीय कायद्यांचा मजकूर पाहता येतो.

या चांदण्यांचीही मर्यादा आहे. विधिमंडळाने वगळलेल्या तरतुदीच्या जागी त्या येतात. न्यायालयाने घटनाबाह्य ठरवलेल्या कलमाचा मजकूर छापील कायद्यात तसाच राहू शकतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66ए सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2015 मध्ये रद्दबातल ठरवलं. तरीही पोलिस त्याखाली गुन्हे नोंदवत असल्याची तक्रार 2021 मध्ये त्याच न्यायालयापुढे आली. ज्याने फक्त छापील पान पाहिलं, त्याला ते कलम धडधाकटच दिसलं असणार.

इथवर आल्यावर भाचीने विचारलं, ‘मग तो चौथा मुद्दा कोणाला इतका हवा होता?’

त्याचं उत्तर द्यायला आपल्याच महाराष्ट्रातला एक खटला आठवावा लागतो. 1972 सालच्या मार्च महिन्यात, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलिस चौकीत एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याची तक्रार झाली. सत्र न्यायालयाने तिला शरीरसंबंधांची सवय होती असं म्हणत संमती मानली आणि आरोपींना सोडलं. नागपूरला उच्च न्यायालयाने त्यांना दोषी ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालात त्यांना पुन्हा निर्दोष सोडलं, कारण तिच्या अंगावर जखमा नव्हत्या आणि तिने विरोध केल्याचं न्यायालयाला दिसलं नाही. 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर मोर्चे निघाले आणि 1983 मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात स्त्रीने ‘संमती नव्हती’ असं सांगितलं, तर न्यायालयाने ते गृहीत धरावं असं नवं कलम 114ए आलं.

पण कलम 155 चा चौथा मुद्दा तेव्हाही तसाच राहिला. एवढं आंदोलन झाल्यावरही तो आणखी 19 वर्षं टिकला. विधी आयोगाने 2000 साली आपल्या 172 व्या अहवालात तो काढण्याची शिफारस केली आणि 2002 च्या शेवटच्या दिवशी तो गेला. त्याच दुरुस्तीने कलम 146 मध्ये पीडितेला चारित्र्यावरून प्रश्न विचारायला मनाई केली. पुढे 2013 मध्ये, न्यायमूर्ती वर्मा समितीच्या अहवालानंतर, ही मनाई आणखी रुंद झाली. संमतीचा प्रश्न असेल तिथे तिच्या पूर्वीच्या शरीरसंबंधांविषयी पुरावाही देता येत नाही, प्रश्नही विचारता येत नाही. नव्या कायद्यात हे कलम 48 आणि 149 मध्ये आहे. भाचीच्या वहीतलं उलटतपासणीचं पान बरोबर होतं ते यामुळे.

त्या चौथ्या मुद्द्याचं प्रत्यक्षातलं काम फार क्रूर होतं. घटनेच्या रात्री काय झालं यावरून खटला हलायचा आणि ती बाई आयुष्यभर कशी वागली यावर येऊन बसायचा. कोणाशी बोलते, किती वाजता घरी येते, नवऱ्याला का सोडलं, असे प्रश्न भरल्या न्यायालयात विचारले जायचे आणि न्यायाधीशांना ते थांबवणं अवघड व्हायचं, कारण कायद्यातच त्यांना दार होतं. वहीतली ती एक ओळ पाठ करून एखादी मुलगी वकील झाली आणि पाच वर्षांनी तिने तसाच प्रश्न एखाद्या बाईला विचारला, तर समोरचे वकील हरकत घेतील, न्यायाधीश प्रश्न नाकारतीलही. पण तोवर तो त्या बाईच्या कानावर पडलेला असेल.

भाचीचा शेवटचा प्रश्न परीक्षेपुरता होता आणि तो चांगला होता. जुना पुरावा कायदा आता निरसित झाला, म्हणजे तो सगळाच संपला का? संपला नाही. साक्ष्य अधिनियमाच्या कलम 170 मध्ये निरसनाबरोबर व्यावृत्ती आहे, म्हणजे जुन्या कायद्याचा काही भाग काही कामांपुरता राखून ठेवला आहे. तिला मी एक उदाहरण दिलं. एखाद्या खटल्याची सुनावणी 2023 मध्ये सुरू झाली आणि 1 जुलै 2024 ला ती अर्धवट होती. तिथे आजही जुनाच कायदा चालतो, कलम 155 म्हणूनच वाचायचं. पण कोणतं 155? नवा कायदा येण्याच्या लगेच आधी होतं तसं. त्या दिवशी त्यात चांदण्याच होत्या. म्हणजे अख्खा कायदा निरसित होऊनही अशा खटल्यांत तो चालतो आणि त्यातला चौथा मुद्दा तिथेही चालत नाही. घटना आणि तक्रार ऑगस्ट 2024 ची असेल तर थेट कलम 158, आणि त्यात तीनच मार्ग.

यात एक खाचही आहे, ती तिला मुद्दाम दाखवली. गुन्हा कोणता आणि शिक्षा किती, हे गुन्हा घडला त्या तारखेच्या कायद्याने ठरतं. राज्यघटनेच्या अनुच्छेद 20(1) प्रमाणे नंतर आलेल्या कायद्याने कोणाला दोषी धरता येत नाही की जास्त शिक्षा देता येत नाही. पुराव्याच्या कायद्यात मात्र प्रकरण कोणत्या तारखेला प्रलंबित होतं हे बघायचं. त्यामुळे ‘निरसित’ एवढा एक शब्द उत्तरपत्रिकेत लिहून भागत नाही, कशासाठी आणि कोणत्या तारखेला हे दोन्ही लिहावं लागतं.

रात्री बाराच्या सुमाराला तिने मला त्या पानाचा फोटो पाठवला. चौथा मुद्दा लाल शाईने खोडला होता आणि शेजारी लिहिलं होतं: ‘31 डिसेंबर 2002 पासून नाही. 158 मध्ये (डी) नाही.’ तोच फोटो तिने नोट्स देणाऱ्या ताईला आणि ज्यांना झेरॉक्स दिल्या होत्या त्या दोन मुलींनाही पाठवला.

तुमच्या घरात कोणी कायद्याचा अभ्यास करत असेल, किंवा न्यायाधीशपदाच्या परीक्षेची तयारी करत असेल, तर आज त्यांच्या नोट्समधलं साक्षीदाराच्या विश्वासार्हतेचं पान काढायला सांगा आणि मुद्दे मोजा. चार निघाले, तर चौथा खोडा आणि त्या नोट्स ज्यांच्याकडून आल्या त्यांनाही कळवा.