नऊवारीची लांबी किती?

साड्यांच्या कॅटलॉगवर नव्याने आलेल्या मुलामुलींना मी पहिल्याच दिवशी एक नोंद देते: ‘अप्रतिम नऊवारी, शुद्ध रेशीम, लांबी ९ वार.’ आमच्या लेखननियमांत यातलं ‘नऊवारी’ तेवढं टिकतं, कारण ते प्रकाराचं नाव आहे. लांबी मीटरमध्येच द्यायची. कायद्यालाही तेच एकक मान्य आहे. ९ वार म्हणजे ८.२३ मीटर, पण गुणाकार करून आकडा टाकू नका, साडी टेबलावर पसरून मोजा. ‘अप्रतिम’ बाद, त्यातून गिऱ्हाइकाला काहीच कळत नाही. ‘शुद्ध रेशीम’ खात्रीशिवाय बाद. ताणा रेशमी आणि बाणा सुती असेल, तर तसंच लिहा. सूर दुकानातल्या जाणत्या माणसाचा ठेवा. शंका आली, तर आधी विणकराला विचारा.