कांद्याची मान व चाळीतील सड

उन्हाळी कांदा चाळीत सडू लागला म्हणजे दोष चाळीस दिला जातो. परंतु सडीचे मूळ बहुधा कांद्याच्या मानेत असते. ओल्या मानेची पात कापताच त्या जखमेतून रोगजंतू आत शिरतात. म्हणून निम्म्याहून अधिक माना पडल्यावर कांदा काढावा व पातीने झाकून ३ ते ५ दिवस शेतातच सुकवावा. मग एक इंच मान राखून पात कापावी व कांदा १० ते १२ दिवस सावलीत पसरावा. मान चिमटीत ओलसर लागल्यास तो चाळीत भरू नये. जाड मानेचे व डेंगळ्यांचे कांदे आधीच विकावेत. कोंब मात्र सुकवणीने थांबत नाहीत; सुप्तावस्था संपून हवा थंड व दमट होताच ते फुटतात. तत्पूर्वी चाळ रिकामी करावी.