क्लॉकला न विचारता

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर कुठल्याही सुट्या भागांच्या दुकानात ‘७४७४’ एवढंच म्हटलं, तरी दुकानदार चौदा पायांची एक काळी चिप काढून देतो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९६०च्या दशकात आणलेल्या ७४०० मालिकेतली ही चिप. तिच्या पोटात दोन स्वतंत्र डी फ्लिप-फ्लॉप असतात आणि प्रत्येक फ्लिप-फ्लॉप एकच बिट लक्षात ठेवतो. मूळ टीटीएल प्रकारानंतर एलएस, एचसी असे तिचे वंशज आले, तंत्र बदललं, पण पायांची मांडणी तीच राहिली. पहिल्या फ्लिप-फ्लॉपचा डी दोन नंबरच्या पायावर, क्लॉक तीनवर, क्यू पाचवर. डी आणि क्लॉक यांच्या दोन्ही बाजूंना, एक नंबरवर क्लिअर आणि चारवर प्रीसेट.

डी आणि क्लॉक यांचं नातं पहिल्याच प्रॅक्टिकलमध्ये कळतं. क्लॉक खालून वर जातो त्या चढत्या कडेला डीवर जे असेल ते क्यूवर येतं आणि पुढची चढती कड येईपर्यंत तिथेच राहतं. मधल्या काळात डी कितीही हलला तरी क्यू ढिम्म. प्रीसेट आणि क्लिअर हे दोन पाय मात्र ही शिस्त पाळत नाहीत. दोन्ही एरवी वर, म्हणजे पाच व्होल्टला बांधलेले असतात. प्रीसेट खाली ओढला की क्यू १ होतो, क्लिअर खाली ओढला की ०. कडेची वाट पाहिली जात नाही आणि डीला विचारलं जात नाही. म्हणून त्यांना असिंक्रोनस म्हणतात.

रेल्वेतल्या साखळीसारखं हे आहे. गाडी वेळापत्रकाप्रमाणे स्टेशनांवर थांबते, पण साखळी ओढली की दोन स्टेशनांच्या मध्येही उभी राहते. आणि साखळी सोडली म्हणून ती आपसूक सुटत नाही.

हे सगळं टायमिंग डायग्रामवर नीट दिसतं. समजा क्लॉक एक मेगाहर्ट्‌झचा आहे, म्हणजे दर मायक्रोसेकंदाला एक चढती कड. खालच्या आकृतीत कडांना क्रमांक दिले आहेत. पहिली कड बरोबर एक मायक्रोसेकंदाला, दुसरी दोनला, आणि प्रत्येक घर पाव मायक्रोसेकंदाचं.

```
         1   2   3   4   5   6   7
CLK  ____‾‾‾_‾‾‾_‾‾‾_‾‾‾_‾‾‾_‾‾‾_‾‾‾_
D    __‾‾‾‾_______‾‾‾‾‾‾‾‾‾‾‾‾‾‾‾‾‾‾‾
PRE  ‾‾‾‾‾‾‾‾‾_‾‾‾‾‾‾‾‾‾‾‾‾‾‾‾‾‾‾‾‾‾‾
CLR  __‾‾‾‾‾‾‾‾‾‾‾‾‾‾‾________‾‾‾‾‾‾‾
Q    ____‾‾‾‾_‾‾‾____‾___________‾‾‾‾
```

वीज आली तेव्हा क्लिअर खाली आहे, म्हणून क्यू ०. अर्ध्या मायक्रोसेकंदाला क्लिअर वर गेला, डीही वर गेला, तरी क्यू हलला नाही, कारण कड अजून यायची होती. पहिल्या कडेला क्यू १ झाला, दुसऱ्या कडेला डी खाली असल्यामुळे पुन्हा ०. इथवर सगळं सरळ आहे.

२.२५ला प्रीसेट पाव मायक्रोसेकंद खाली येतो. त्या क्षणी कुठलीही कड नाही, डी ० आहे, तरीही क्यू लगेच वर उडी मारतो. प्रीसेट सुटल्यावर क्यू मागे फिरत नाही, तिसऱ्या कडेपर्यंत १च राहतो. त्या कडेला डीचा ० उचलून तो खाली येतो. चौथ्या कडेला पुन्हा १ होतो, पण ४.२५ला क्लिअर खाली येतो आणि क्यू त्याच्यासोबत कोसळतो. पाचवी आणि सहावी कड येऊन जाते, डी दोन्ही वेळा १ असतो, पण त्या कडांना काही किंमत नाही. ६.२५ला क्लिअर सुटतो तेव्हा डी १ आहे, क्लॉकही वर आहे. परीक्षेत आकृती काढताना विद्यार्थी नेमके इथेच चुकतात आणि क्यू लगेच वर नेतात. पण क्लॉक वर असणं आणि क्लॉक वर जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्यू सातव्या कडेपर्यंत ०च राहतो.

आकृतीत क्यूच्या कडा तंतोतंत उभ्या रेषेत आल्या आहेत. खऱ्या चिपमध्ये थोडा उशीर होतो. ७४एलएस७४ए या प्रकारात क्यू वर जायला साधारण १३ नॅनोसेकंद लागतात आणि खाली यायला साधारण २५. क्लॉकमुळे होवो की क्लिअरमुळे, आकडे तेच. ‘लगेच’ या शब्दाचा अर्थ इथे एवढाच. क्लिअरचा पल्स किमान २५ नॅनोसेकंद रुंद असला पाहिजे, अशी अटही डेटाशीटमध्ये आहे.

प्रीसेट सुटल्यावर क्यू मागे का फिरला नाही, याचं उत्तर चिपच्या पोटात आहे. टीटीएल प्रकारात प्रत्येक फ्लिप-फ्लॉप सहा नँड गेटचा बनलेला असतो. दोन गेट शेवटची जोडी म्हणून बिट धरून ठेवतात, उरलेले चार क्लॉकच्या कडेला डी काय होता ते पकडून त्या जोडीला हुकूम देतात. दुसऱ्या कडेनंतर क्लॉक वर असेपर्यंत या चौघांचा हुकूम ‘क्यू ० ठेवा’ असा होता. प्रीसेटची तार फक्त शेवटच्या जोडीला दिली असती, तर प्रीसेट खाली असेपर्यंत क्यू १ झाला असता आणि तो सुटताच जुन्या हुकमाने पुन्हा ० झाला असता. म्हणून प्रीसेटची तार आतल्या एका गेटपर्यंतही नेलेली आहे, म्हणजे तो हुकूमच बदलतो. क्लिअरची तार तर तीन गेटांना जाते. याचा पुरावा जुन्या एसएन७४७४च्या डेटाशीटमध्ये छापलेला आहे: वरच्या पातळीला डीच्या पायात जास्तीत जास्त ४० मायक्रोअँपिअर प्रवाह जातो, प्रीसेटमध्ये ८० आणि क्लिअरमध्ये १२०. एक गेट, दोन गेट, तीन गेट.

दोन्ही पाय एकदमच खाली ओढले तर क्यू आणि त्याचा उलटा आउटपुट, दोन्ही १ होतात. एरवी एकमेकांच्या विरुद्ध असणाऱ्या आउटपुटचं हे एकमत फार टिकत नाही. जो पाय मागाहून सुटेल त्याचं म्हणणं चालतं. दोन्ही एकाच क्षणी सुटले तर क्यू काय होईल ते आधी सांगता येत नाही, म्हणून ही अवस्था मुद्दाम कोणी वापरत नाही.

क्लिअर खाली कधीही आणावा, त्याला मुहूर्त लागत नाही. वर सोडताना मात्र मुहूर्त लागतो. खरी अडचण इथे आहे आणि पाठ्यपुस्तकं ती एखाद्या ओळीत उरकतात. क्लिअर सुटल्यानंतर आतल्या गेटांना स्थिरावायला काही नॅनोसेकंद लागतात. चढती कड त्याच्या आतच आली तर फ्लिप-फ्लॉप ती पाळेल की नाही, याची हमी राहत नाही. क्वचित क्यू ० आणि १च्या मधेच रेंगाळतो आणि बऱ्याच उशिराने एका बाजूला पडतो. सुटणं आणि कड यांच्यामधल्या या किमान अंतराला रिकव्हरी टाइम म्हणतात.

दोन ७४७४ चिप घेऊन केलेला चार बिटांचा रिंग काउंटर घ्या. चार फ्लिप-फ्लॉप ओळीत, प्रत्येकाचा क्यू पुढच्याच्या डीला, चौथ्याचा क्यू पुन्हा पहिल्याच्या डीला, आणि प्रत्येक क्यूवर एक दिवा. रीसेटची एकच तार पहिल्याच्या प्रीसेटला आणि बाकी तिघांच्या क्लिअरला. रीसेट दाबला की १००० ही अवस्था येते. सोडल्यावर दर कडेला तो एकुलता १ पुढे सरकतो: ०१००, ००१०, ०००१ आणि पुन्हा १०००.

आता रीसेट नेमका कडेच्या तोंडावर सुटला असं धरा. पहिल्या फ्लिप-फ्लॉपने कड पाळली आणि चौथ्याकडचा ० उचलला. दुसऱ्याने कड चुकवली आणि तो ०च राहिला. झालं ००००. रिंगमधला १ कायमचा हरवला, पुढे कितीही कडा आल्या तरी काउंटर रिकामाच फिरणार. उलट घडलं, म्हणजे पहिल्याने कड चुकवली आणि दुसऱ्याने पाळली, तर ११०० आणि दोन दिवे एकदम. धोक्याची वेळ समजा २० नॅनोसेकंदांची धरली, तर एक मायक्रोसेकंदाच्या क्लॉकवर बटण शंभरदा सोडलं की सरासरी दोनदा हे होऊ शकतं. म्हणजे टेबलावर दहा-वीसदा तपासून ‘चालतंय’ म्हणावं आणि नंतर कधीतरी यंत्र चालू करताना दिवेच लागू नयेत. असा दोष सापडायला वेळ लागतो, कारण चिप बदलली की तो गेल्यासारखा वाटतो. तो ओळखायचा तर ऑसिलोस्कोप रीसेटच्या चढत्या कडेवर ट्रिगर करून दुसऱ्या चॅनलवर क्लॉक बघावा आणि बिघाडाच्या वेळी दोघांमधलं अंतर मोजावं.

उपाय त्याच चिपमध्ये आहे. आणखी एक ७४७४ घ्यायची. तिच्या दोन्ही फ्लिप-फ्लॉपच्या क्लिअरला बटणाकडून येणारा कच्चा रीसेट, पहिल्याचा डी पाच व्होल्टला, पहिल्याचा क्यू दुसऱ्याच्या डीला आणि क्लॉक दोघांना एकच. न वापरलेले दोन्ही प्रीसेटही पाच व्होल्टला बांधायचे. मोकळा सोडलेला टीटीएल पाय वर असल्यासारखा वागतो खरा, पण आजूबाजूचा गोंगाट उचलून मधेच क्यू उडवतो. दुसऱ्याचा क्यू हा आता रिंग काउंटरचा रीसेट झाला.

बटण दाबलं की दोन्ही क्यू क्लॉकची वाट न पाहता खाली येतात, म्हणजे रीसेट पूर्वीसारखाच तत्काळ. सोडल्यावर पहिल्या कडेला पहिला क्यू वर जातो, दुसऱ्या कडेला दुसरा. बटण कडेच्या तोंडावर सुटलं तर पहिला फ्लिप-फ्लॉप गोंधळू शकतो, पण सावरायला त्याच्याकडे पुढच्या कडेपर्यंतचा मायक्रोसेकंद असतो. दुसरा त्या वेळी गोंधळतच नाही: त्याचा डी ० आहे आणि क्यूही ०, बदलायचं काहीच नाही. त्याचा क्यू वर जातो तो कडेनंतर जास्तीत जास्त २५ नॅनोसेकंदांनी, आणि रिंग काउंटरला पुढची कड दिसेपर्यंत ९७५ नॅनोसेकंद उरतात.

एफपीजीएवर असिंक्रोनस क्लिअरचं हेच वर्तन व्हेरिलॉगमध्ये असं लिहितात:

```verilog
always @(posedge clk or negedge clr_n)
  if (!clr_n) q <= 1'b0;
  else        q <= d;
```

पहिल्या ओळीतून `or negedge clr_n` काढलं तर क्लिअर सिंक्रोनस होतो. मग वरच्या आकृतीत क्यू ४.२५ला नव्हे, पाचव्या कडेला खाली आला असता. प्रीसेटही तसाच लिहिला असता, तर २.२५चा पल्स कोणाला दिसलाच नसता, कारण त्याच्या पोटात एकही कड नव्हती.

दोन फ्लिप-फ्लॉपच्या उपायालाही मर्यादा आहेत. क्लॉक बंद असेल तर रीसेट कधीच सुटणार नाही. आणि रीसेटच्या तारेवर मोटार किंवा रिलेमुळे काही नॅनोसेकंदांचा काटा आला, तर २५ नॅनोसेकंदांची अट मोडली जाते. तेव्हा एक फ्लिप-फ्लॉप पुसला जाईल आणि शेजारचा नाही, असंही होऊ शकतं. त्यासाठी बटणाजवळ रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी आणि तिच्यामागे श्मिट ट्रिगरचा गेट लावतात, आणि रीसेटची तार मोटारीच्या वायरिंगपासून दूर नेतात.