परिपाठात सांगायची निवडीची बातमी

प्रतिज्ञा झाली, सुविचार झाला, दिनविशेष वाचून झाला, की परिपाठात एखादी खास सूचना येते. मुख्याध्यापक किंवा क्रीडाशिक्षक माईक हातात घेतात आणि सांगतात, 'आपल्या शाळेची विद्यार्थिनी कबड्डीच्या राज्य संघात निवडली गेली आहे, हे सांगताना अत्यंत आनंद होत आहे.' टाळ्या होतात, पुष्पगुच्छ दिला जातो, 'प्रशिक्षक आणि पालक यांचे मोलाचे सहकार्य लाभले' हे वाक्य येतं आणि रांगा वर्गांकडे वळतात. दोन मिनिटांचं काम. पण त्या मुलीने, तिला शिकवणाऱ्याने आणि तिच्या घराने नेमकं काय केलं, हे त्या दोन मिनिटांत सहसा कळत नाही. कधी कधी तर निवड कशासाठी झाली, तेही चुकीचं सांगितलं जातं.

चूक बहुतेक वेळा 'राज्य' या शब्दापाशी होते. राज्यस्तरीय स्पर्धेसाठी निवड होणं आणि राज्याच्या संघात निवड होणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. पहिलीत मुलगी आपल्या जिल्ह्याच्या किंवा विभागाच्या संघातून राज्य स्पर्धेत खेळायला जाते. दुसरीत ती महाराष्ट्राची जर्सी घालून इतर राज्यांविरुद्ध राष्ट्रीय स्पर्धेत उतरते. फलकावर मात्र दोन्हींसाठी 'राज्यस्तरावर निवड' असंच लिहिलं जातं. जिल्हा संघात येणं ही मोठीच गोष्ट आहे, तिला उगाच फुगवण्याची गरज नाही. आणि खरोखर राज्य संघात आलेल्या मुलीला तेच मोघम शब्द मिळाले, तर तिच्यावर अन्याय होतो.

तिथवर जायचे रस्तेही दोन आहेत. एक शालेय स्पर्धांचा. राज्याचं क्रीडा व युवक सेवा संचालनालय १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा चढत्या क्रमाने स्पर्धा घेतं. आठ विभागांचे विजेते संघ राज्य स्पर्धेला येतात आणि तिथून निवडलेला संघ शालेय राष्ट्रीय स्पर्धेत खेळतो. दुसरा रस्ता संघटनेचा. गावातल्या किंवा शहरातल्या कबड्डी मंडळांचे संघ जिल्ह्याच्या निवड चाचणी स्पर्धेत खेळतात, त्यांतून जिल्हा संघ होतो, जिल्हा संघ महाराष्ट्र राज्य कबड्डी असोसिएशनच्या अजिंक्यपद स्पर्धेत भिडतात आणि ते सामने पाहून निवड समिती महाराष्ट्राचा संघ ठरवते. त्यानंतर सराव शिबिर. संघ १२ जणींचा असतो; सात मैदानात, पाच राखीव.

रस्ता कोणता, यावर श्रेय कोणाचं हे ठरतं. मंडळाकडून खेळून वर आलेल्या मुलीला रोज संध्याकाळी शिकवणारा माणूस बहुधा मंडळाचा प्रशिक्षक असतो. तो एखादा जुना खेळाडू असतो, दिवसभर नोकरी करून मैदानावर येतो आणि पुष्कळदा मानधनही घेत नाही. शाळेच्या परिपाठात त्याचं नाव येतच नाही, कारण तो शाळेच्या हजेरीपटावर नाही. शाळेचे क्रीडाशिक्षकही काही कमी करत नाहीत. पाचवी-सहावीत मुलीचा चपळपणा त्यांनीच हेरलेला असतो, मुख्याध्यापकांकडून रजा त्यांनीच मिळवून दिलेली असते. दोघांची नावं घ्यायला हवीत आणि कोणी काय केलं तेही सांगायला हवं.

एक उदाहरण समोर ठेवून पाहू. समजा, नववीतली एक मुलगी आहे. किशोरी गटात, म्हणजे १६ वर्षांखालच्या आणि ५५ किलोपर्यंतच्या गटात, ती डावी कोपरारक्षक म्हणून निवडली गेली. परिपाठातल्या निम्म्या मुलांना कबड्डी म्हणजे चढाई एवढंच ठाऊक असतं. कोपरारक्षक गुण मिळवते ती पकड करून. समोरची चढाईपटू बोनस रेषेकडे एक पाय लांबवते, तेव्हा क्षणभर तिचा सगळा भार दुसऱ्या पायावर असतो. त्याच क्षणी खाली झेपावून घोटा धरायचा. अर्धा क्षण आधी झेपावलं तर ती पाय मागे घेते आणि स्पर्शाचा गुण घेऊन परतते. अर्धा क्षण उशीर झाला तर बोनस तिच्या खात्यात गेलेला असतो. आणि नुसता घोटा धरून चढाईपटू थांबत नाही. शेजारची मध्यरक्षक त्याच वेळी अंगावर आली नाही, तर ती कोपरारक्षकाला ओढत मध्यरेषेपर्यंत नेते.

प्रशिक्षक महिनोन्महिने शिकवतो ते हेच. कधी झेपावायचं याहून अवघड धडा कधी झेपावायचं नाही हा असतो. चढाई ३० सेकंदांची असते आणि नव्या मुलीला ती संपेपर्यंत धीर धरवत नाही. अनुभवी प्रशिक्षक सरावात सलग चढाया करायला लावतो आणि कोपऱ्यातल्या मुलीला सांगतो, 'या फेरीत पकड करायची नाही, फक्त तिचे पाय बघ.' निवड समितीला सामन्यात दिसते ती पकड. तिच्यामागे न केलेल्या अनेक पकडींचा सराव असतो.

दुसरा मोठा भाग मॅटचा. शाळेचं आणि मंडळाचं मैदान मातीचं. तिथे अनवाणी खेळतात, पाय थोडा सरकतो आणि शरीर त्या सरकण्यावर विसंबून असतं. राज्य आणि राष्ट्रीय पातळीवर आता मॅट असते आणि पायात बूट. मॅटवर बुटाचा तळवा घट्ट बसतो. मातीच्या सवयीने मुलगी वळली, तर पाय जागीच राहतो, शरीर फिरतं आणि पीळ गुडघ्याला बसतो. कबड्डीत कित्येक जणींचा खेळ अशा एका दुखापतीने थांबला आहे. म्हणून जाणता प्रशिक्षक चाचणीच्या आधी काही आठवडे जवळच्या क्रीडा संकुलात मॅटवर सराव मिळावा म्हणून धडपडतो, नाहीतर निदान बूट घालून वळण्याची सवय लावतो. मुलीने 'गुडघा जरा दुखतोय' म्हटलं, तर त्या दिवशी तिला बाहेर बसवतो. हे बाहेर बसवणंसुद्धा परिपाठात सांगण्याजोगं आहे, कारण पाहणाऱ्या मुलांना वाटतं की दुखणं लपवून खेळलं म्हणजेच शौर्य.

वजनाचंही तसंच. गटाची मर्यादा गाठायला स्पर्धेच्या आदल्या दिवशी पाणी बंद करणं, उन्हात स्वेटर घालून पळणं, रात्रीचं जेवण टाळणं असले प्रकार चालतात. काटा खाली येतो, पण मॅटवर पोटऱ्यांत गोळे येतात आणि पहिल्या दहा मिनिटांत दम संपतो. वाढत्या वयाच्या मुलीच्या शरीराशी असला खेळ करू नये. वजनाचं काम काही महिने आधी, ताटात सुरू व्हायला हवं, आणि इथेच घर येतं.

'पालकांचे सहकार्य' या दोन शब्दांत केवढं काय काय बसवलेलं असतं! सराव संपतो तेव्हा अंधार पडलेला असतो. मुलीला आणायला रोज कोणीतरी जावं लागतं. ज्या घरात संध्याकाळच्या भाकरी तिच्या वाट्याला असतात, तिथे ते काम दुसऱ्या कोणाला उचलावं लागतं आणि भावाने ते उचललं तर त्याचं नाव माईकवरून घ्यायलाच हवं. ताटात डाळ, अंडी, शेंगदाणे वाढवावे लागतात. शिबिरासाठी परगावी पाठवताना सोबत महिला व्यवस्थापक कोण आहेत, मुक्काम कुठे आहे, हे विचारून मगच संमतीपत्रावर सही होते. 'मुलीची जात, उद्या हातपाय मोडला तर' या शेजाऱ्यांच्या काळजीला उत्तर आई देते, तेही एकदा नव्हे, प्रत्येक सणावाराला.

मुंबईच्या सोनाली शिंगटे यांची गोष्ट जाहीर आहे. वडील सुरक्षारक्षक, आई खानावळ चालवायची, बूट आणि किट घ्यायला पैसे नव्हते. शिवशक्ती महिला संघात प्रशिक्षक राजेश पाडावे यांनी त्यांना बूट आणि किट मिळवून दिलं, ज्येष्ठ खेळाडूंनी हात दिला आणि घरच्यांनी खेळ थांबवला नाही. पुढे त्या २०१८च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत रौप्यपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात होत्या. २०२३ साली हांगझोऊमध्ये चायनीज तैपेईला २६-२५ असं एका गुणाने हरवून सुवर्ण जिंकणाऱ्या संघातही त्या होत्या. बूट कोणी दिले, हे नाव घेऊन सांगितलं गेलं म्हणूनच ही गोष्ट लक्षात राहते.

पण एक भान हवं. ती हकिकत प्रौढ खेळाडूने स्वतः जगाला सांगितली आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीच्या घरची गरिबी, वडिलांचं व्यसन, आईचं आजारपण माईकवरून वाचून दाखवणं ही निराळी गोष्ट आहे. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण दुपारच्या सुट्टीत त्या शब्दांना तोंड तिलाच द्यावं लागतं. म्हणून आदल्या दिवशी तिला आणि तिच्या पालकांना मजकूर वाचून दाखवावा. वजन तर सांगूच नये.

मग सूचना कशी असावी? आधी मुलीचं आणि प्रशिक्षकांचं नाव घेऊन, साधारण अशी: 'आपली ही मैत्रीण महाराष्ट्राच्या किशोरी संघात डावी कोपरारक्षक म्हणून निवडली गेली आहे. ती आता राष्ट्रीय स्पर्धेत आपल्या राज्याकडून खेळेल. सहावीत आपल्या क्रीडाशिक्षकांनी तिला पहिल्यांदा मैदानावर नेलं. घोट्याची पकड तिला मंडळाच्या प्रशिक्षकांनी शिकवली. ते आज इथे आले आहेत. तिचा भाऊ रोज रात्री तिला सरावाहून घरी आणतो. तिच्या पकडीला साथ देणारी मध्यरक्षक दहावीत आहे, तिनेही पुढे यावं.'

शेवटचं वाक्य गाळू नये. साखळीतली दुसरी मुलगी चाचणीला गेली होती आणि निवडली गेली नाही. परिपाठाच्या रांगेत ती उभी असते, टाळ्याही वाजवते.

टाळ्या संपल्यावर शाळेच्या कार्यालयाचं काम सुरू होतं. जन्मदाखला, जनरल रजिस्टरमधला उतारा, आधार आणि बोनाफाईड यांवर नाव आणि जन्मतारीख अक्षरशः एकच आहे ना, हे तपासावं लागतं; एका वेलांटीच्या फरकाने पडताळणी अडकू शकते. दहावीच्या क्रीडागुणांच्या सवलतीसाठी हीच प्रमाणपत्रं पुढे जिल्हा क्रीडा कार्यालयाकडून तपासून घ्यावी लागतात. शिबिराच्या दिवसांत घटक चाचणी येत असेल, तर तिची ती नंतर कधी घेणार, ते वर्गशिक्षकांनी त्याच आठवड्यात ठरवून तिच्या पालकांना लेखी कळवावं, म्हणजे शिबिरातून रात्री घरी केलेल्या फोनवर परीक्षेचा विषय निघणार नाही.